सुई टोचण्याआधी लावायचं बधिर करणारं क्रीम: आई-बाबांचे नेहमीचे प्रश्न

मी ठाण्यात मुलांच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे थॅलेसेमियाची मुलं दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला येतात. त्यांच्यासाठी सुई हा एकदाचा प्रसंग नसतो. आदल्या दिवशी रक्त जुळतं का ते बघायला क्रॉसमॅचिंगचं सॅम्पल, दुसऱ्या दिवशी रक्त चढवायला शिरेत बसवायची नळी, म्हणजे इंट्राकॅथ, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच. या मुलांच्या आई-बाबांनी मला विचारलेले प्रश्न आणि मी दिलेली उत्तरं इथे लिहिते आहे. एकदाच रक्त तपासायचं असेल तरी यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

हे क्रीम म्हणजे नक्की काय?

लिडोकेन आणि प्रिलोकेन ही बधिर करणारी दोन औषधं यात प्रत्येकी २.५ टक्के असतात. पांढरं, मऊ क्रीम असतं आणि बहुतेक वेळा ५ ग्रॅमच्या छोट्या ट्यूबमध्ये मिळतं. ट्यूबवर ही दोन्ही नावं आहेत ना, एवढं औषधाच्या दुकानातच वाचून घ्या.

दोन औषधं एकत्र करण्यामागे कारण आहे. दोन्ही वेगवेगळी ठेवली तर घट्ट खडे असतात. ठराविक प्रमाणात एकत्र केली की साध्या तापमानालाच त्यांचं तेल होतं. या तेलाचे बारीक थेंब क्रीममध्ये असतात आणि ते न कापलेल्या, न खरचटलेल्या कातडीतून हळूहळू आत झिरपतात. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. पाणी, धूळ, औषध सगळं बाहेर अडवणं हेच त्याचं काम. त्याला ओलांडून खालच्या नसांच्या टोकांपर्यंत पोचायला औषधाला वेळ लागतो. जाड थर, झाकण आणि तासभर थांबणं हे सगळं त्या एका थरासाठी आहे.

घरात लिडोकेनची जेली आहे. ती चालेल का?

नाही. लघवीची नळी घालताना वापरतात ती जेली तोंडाच्या किंवा मूत्रमार्गाच्या आतल्या ओल्या, पातळ अस्तरावर काम करते. हाताच्या कातडीवर ती तासभर ठेवली तरी फक्त चिकट लागेल. मूळव्याधीच्या मलमाचंही तसंच. एका आईने फार काळजीने जेली लावून, वर कापूस आणि बँडेज बांधून मुलाला आणलं होतं. तासभर तो हात न हलवता बसला होता. सुई गेली तेव्हा तो जो ओरडला, तो राग त्याने पुढच्या तीन वेळा आमच्यावर काढला. आईची काही चूक नव्हती. दुकानात तिने ‘सुन्न करायचं लिडोकेन द्या’ म्हटलं आणि त्यांनी ते दिलं.

किती लावायचं?

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, आणि जवळजवळ सगळ्या कमी लावण्याच्या असतात. आपल्याला क्रीम म्हटलं की चेहऱ्याला लावतो तसं पातळ पसरून चोळायची सवय असते. हे क्रीम चोळायचं नसतं. ते कातडीवर ढीग करून ठेवायचं असतं.

एक ते अकरा वर्षांच्या मुलाला एका जागेसाठी साधारण १ ग्रॅम पुरतं. घरात १ ग्रॅम मोजणार कसा? रात्रभर भिजून टम्म फुगलेला एक काबुली चणा डोळ्यांसमोर आणा. त्याच्याएवढा गोळा म्हणजे जवळपास १ ग्रॅम. सुई नसलेली १ मिलीची सिरिंज मिळाली तर आणखी बरं. तिच्यात क्रीम भरून घेतलं की अंदाजाची गरजच उरत नाही. हा गोळा दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या गोलात ठेवायचा. थर निदान एक मिलिमीटर जाड हवा, म्हणजे खालची कातडी दिसता कामा नये. पोळीवर तुपाचा हात फिरवतो तसं नाही, श्रीखंडाचा थर देतो तसं.

मोठ्या माणसाला एका जागेला २ ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या ट्यूबचा जवळपास अर्धा भाग लागतो. रक्त काढायला येणारे बरेच जण वाटाण्याएवढं लावून येतात आणि ‘तुमच्या क्रीमने काही होत नाही’ म्हणतात.

कुठे लावायचं? सिस्टर कुठली शीर घेणार हे आम्हाला कसं कळणार?

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे आधीच्या भेटीत विचारून ठेवणं. निघताना सरळ म्हणा, ‘सिस्टर, पुढच्या वेळी कुठे घ्याल ते दाखवून ठेवता का?’ कुठलीही सिस्टर याला नाही म्हणणार नाही. उलट आमचंच काम सोपं होतं. घरी गेल्यावर त्या जागेचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तीन आठवड्यांनी ‘अंगठ्याच्या बाजूची की करंगळीच्या?’ असा घोळ होत नाही.

नुसतं सॅम्पल घ्यायचं असेल तर बहुतेक वेळा कोपराच्या आतल्या खळगीतली शीर घेतो. इंट्राकॅथ लावायचा असेल तर हाताच्या पाठीवरची किंवा मनगटाच्या वरची, म्हणजे चार-पाच तास रक्त चालू असताना मुलाला कोपर वाकवता येतं. म्हणून कुठे टोचणार हे कळण्याआधी कशासाठी टोचणार हे कळायला हवं.

आणि नेहमी दोन जागांना लावा, दोन वेगवेगळ्या हातांना. पहिली शीर फुटली किंवा सापडली नाही तर दुसरी तयार असते. एकच जागा बधिर असेल तर आम्हाला तिथेच सुई हलवत बसण्याचा मोह होतो, आणि ते मुलासाठी वाईट.

झाकायचं कशाने? नुसतं लावून ठेवलं तर?

उघडं ठेवलं तर वरून वाळतं, कपड्याला पुसतं आणि मूल बोट लावून ते चाखतं. झाकल्यावर खालची कातडी ओलसर आणि उबदार राहते, वरचा थर फुगून सैल होतो आणि औषध आत जाऊ शकतं. झाकण नसेल तर क्रीम जवळपास वाया.

औषधाच्या दुकानात पारदर्शक चिकट ड्रेसिंग मिळतं. इंट्राकॅथवर आम्ही चिकटवतो तेच. ते लावताना मधे दाबू नका. क्रीमचा ढीग तसाच राहू द्या आणि फक्त चारी कडा बोटाने दाबून बसवा. मधे दाबलंत की क्रीम कडांकडे सरकतं, कडा निसटतात आणि जिथे सुई जाणार तिथलाच थर पातळ होतो. ड्रेसिंग नीट बसलं असेल तर खाली पांढरा फुगवटा दिसतो.

ड्रेसिंग नसेल तर स्वयंपाकघरातला डबे झाकायचा पारदर्शक क्लिंग रॅप चालतो. चार बोटं रुंदीचा तुकडा घ्या, क्रीमवर ठेवून हाताभोवती सैलसर एक फेरी द्या आणि कडांना मायक्रोपोर पट्टी लावा. घट्ट गुंडाळू नका. खाली एक बोट सहज गेलं पाहिजे. कापूस, गॉज किंवा साधं बँडेज थेट क्रीमवर ठेवू नका, ते औषध शोषून घेतं आणि कातडीला काही उरत नाही.

ठाण्यातल्या मे महिन्यात आणि पावसाळ्याच्या दमट दिवसांत घामाने ड्रेसिंग सुटतं. चिकटवण्याआधी क्रीम लावायची जागा आणि तिच्या भोवतीची कातडी साध्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करा. त्या दिवशी सकाळी हाताला तेल किंवा पावडर लावू नका. आंघोळीनंतर पावडर लावलेल्या हाताला ड्रेसिंग टिकत नाही, आणि पालकांना याचं कारणच कळत नाही.

मूल ओढतं म्हणून एका आईने काढलेली युक्ती मी सगळ्यांना सांगते. मोठ्या माणसाच्या जुन्या मोज्याचा पायाकडचा भाग कापून टाकायचा आणि उरलेली नळी मुलाच्या हातावर कोपरापर्यंत चढवायची. ड्रेसिंग दिसत नाही, म्हणून मूल ते विसरतं. दीड-दोन वर्षांच्या मुलांना मोकळा क्लिंग रॅप कधीच हाताळू देऊ नका. तो सोडवून तोंडात घालतात आणि तो घशात अडकू शकतो.

किती वेळ ठेवायचं?

निदान ६० मिनिटं. त्याआधी पुसलंत तर थोडंफार काम झालेलं असतं, पण भरवसा ठेवण्याएवढं नाही. तासाभरात औषध साधारण ३ मिलिमीटर खोल पोचतं, दोन तासांत साधारण ५ मिलिमीटरपर्यंत. हाताच्या पाठीवरची शीर अगदी वर असते, तिला तास पुरतो. कोपरातली शीर थोडी खोल असते, गुटगुटीत मुलांत तर आणखी खाली. तिथे दीड तास ठेवलेलं मला जास्त बरं वाटतं.

वरची मर्यादाही लक्षात ठेवा. एक वर्षाच्या वरच्या मुलांत ४ तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, मोठ्यांत ५ तास. क्रीम पुसल्यावरही जागा तास-दोन तास बधिर राहते, त्यामुळे आदल्या रात्री लावून झोपवायचं काही कारण नाही.

ज्या मुलांना इसब आहे, म्हणजे कोपराच्या खळगीत लाल, खरखरीत, खाजणारी कातडी, त्यांच्यात औषध खूप लवकर आत जातं. तिथे १५ ते ३० मिनिटंच ठेवायचं असतं, तेही डॉक्टरांना विचारून. खरचटलेल्या, ओल्या किंवा पुरळ उठलेल्या जागेवर लावू नका. शक्य असेल तर दुसरा हात निवडा.

हॉस्पिटल लांब आहे. वेळेचं गणित कसं बसवायचं?

एका मुलीची गोष्ट सांगते. तिच्या बाबांची परवानगी घेतली आहे, नाव मुद्दाम देत नाही. वय सहा, वजन १८ किलो, घर कासारवडवलीजवळ. दर तीन आठवड्यांनी रक्त.

पहिल्या वेळी बाबांनी क्रीम आमच्या पार्किंगमध्ये लावलं. घोडबंदर रोडला उशीर झाला होता, त्यामुळे गाडी लावली आणि मागच्या सीटवरच बाम चोळतात तसं दोन्ही हातांना चोळलं. वर काही झाकलं नाही. २० मिनिटांत मी तिला बोलावलं. मी विचारलं, ‘क्रीम लावलंय?’ ती आत्मविश्वासाने म्हणाली, ‘हो ताई, बाबा म्हणाले आज कळणारच नाही.’ सुई गेली आणि ती बाबांकडे बघत राहिली. रडली नाही, हे मला जास्त लागलं. मग हळूच म्हणाली, ‘क्रीम खोटं आहे.’

त्यात तीन गोष्टी एकदम चुकल्या होत्या: पातळ थर, उघडं क्रीम, अपुरा वेळ. पण मुलीच्या मनात बसलं ते एवढंच, की क्रीम लावलं तरी दुखतं. मुलांच्या बाबतीत अर्धवट लावलेलं क्रीम न लावलेल्या क्रीमपेक्षा महाग पडतं. पुढच्या वेळी तुम्ही नीट लावलंत तरी ती आधीच हात आखडून बसते. आखडलेल्या हातात शीर सापडत नाही आणि दोनदा टोचावं लागतं.

पुढच्या भेटीसाठी आम्ही बसून वेळ उलटा मोजला. वॉर्डात हजेरी १० ला. आधी वजन, ताप, रक्ताची पिशवी तपासणं, म्हणजे सुई १०.२० च्या आधी कधीच लागत नाही. शीर नीट दिसण्यासाठी क्रीम सुईच्या १०-१५ मिनिटं आधी पुसायचं, म्हणजे १०.०५ ला. घरून पावणेनऊला निघायचं. त्याआधी दूध पिताना, कार्टून लावून, सव्वाआठला आईने दोन्ही हातांच्या पाठींवर १-१ ग्रॅम क्रीम ठेवलं, ड्रेसिंग चिकटवलं आणि मोजे चढवले. ड्रेसिंगच्या कडेला पेनने ‘८.१५’ लिहिलं. १०.०५ ला पुसलं तेव्हा एक तास पन्नास मिनिटं झाली होती. वाहतुकीत आणखी तासभर अडकले असते तरी ४ तासांची हद्द १२.१५ ला येत होती. घरी लावण्याचा हाच फायदा. घोडबंदरचा वेळ वाया जात नाही, क्रीम त्या वेळात काम करत असतं.

सुई जाताना ती खिडकीबाहेर बघत होती. मी टेप लावत असताना तिने विचारलं, ‘कधी टोचणार?’

ड्रेसिंगवर वेळ लिहिणं कधीच विसरू नका. सकाळी लावलेलं बाबांना एक वेळ वाटतं आणि आईला दुसरी, आणि वॉर्डात आम्हाला त्यावरच ठरवायचं असतं.

क्रीम काढल्यावर हात पांढरा पडला आणि शीर दिसेना. काही बिघडलं का?

नाही. औषधाने सुरुवातीच्या तास-दीड तासात वरच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून जागा फिकट दिसते. आणखी वेळ ठेवलं तर त्याच रक्तवाहिन्या सैलावून जागा लाल होते. दोन्ही अपेक्षित आहे. सावळ्या हातावर फिकटपणा सहज दिसत नाही, म्हणून ‘पांढरं झालं नाही म्हणजे लागलं नाही’ असं समजू नका.

पण आकसलेल्या शिरेमुळे आम्हाला खरंच त्रास होतो. म्हणून पुसल्यावर लगेच टोचायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. त्या वेळात मुलाचा हात खाली लोंबता ठेवा आणि मूठ उघड-बंद करायला लावा. वॉर्डचा एसी फार गार असेल तर हातावर शाल टाका. आदल्या रात्री आणि सकाळी पाणी नीट प्यायलं असेल तर शिरा जास्त भरलेल्या असतात. अर्थात उपाशीपोटी तपासणी असेल तर डॉक्टर सांगतील तसं. शीर आधी दिसत असेल तर क्रीम लावण्यापूर्वी तिच्या दोन्ही बाजूंना, शिरेवर नाही, बॉलपेनने छोटे ठिपके काढून ठेवा.

ड्रेसिंग काढताना मूल रडतं.

खरं आहे, काही मुलं सुईपेक्षा त्यालाच जास्त घाबरतात. ड्रेसिंग वर खेचू नका. एक कोपरा सोडवून तो कातडीला समांतर, हाताच्या लांबीच्या दिशेने ताणत आणा. ताणलं की चिकटपणा सुटतो. मग कोरड्या कापसाने क्रीम पूर्ण पुसा. बाकीचं स्पिरिटने आम्ही करतो. त्यानंतर त्या जागेवर तेल किंवा काही लावू नका.

नीट लागलं की नाही हे कसं ओळखायचं?

इथे एक गैरसमज मुलांचा विश्वास घालवतो. या क्रीमने टोचण्याची कळ जाते, स्पर्श आणि दाब जात नाही. मी हात लावला, शीर दाबली, पट्टा बांधला तर मुलाला सगळं कळतं. त्याला सांगितलेलं असतं ‘काहीच कळणार नाही’, म्हणून पट्टा बांधताच ते ओरडतं ‘कळतंय! लागलं नाही!’ आधीच सांगून ठेवा, ‘हात धरलेला कळेल, दाबलेलं कळेल, टोचल्यासारखं मात्र फार कमी वाटेल.’ ‘अजिबात दुखणार नाही’ हे वाक्य मी वॉर्डात कुणालाच वापरू देत नाही.

तपासायचं असेल तर त्या जागेला आणि बाजूच्या कातडीला पेनच्या टोपणाचं टोक हलकेच लावा. टोचणीत फरक जाणवला की काम झालं. टाचणी वापरू नका.

जास्त लावलं तर धोका आहे का?

आहे. कातडीतून गेलेलं औषध शेवटी रक्तातच पोचतं, म्हणून वयानुसार मर्यादा आहेत. १ ते ६ वर्षांच्या, १० किलोपेक्षा जास्त वजनाच्या मुलांत सगळ्या जागा मिळून १० ग्रॅमपर्यंत. ३ महिने ते १ वर्षाच्या, ५ किलोपेक्षा जास्त वजनाच्या बाळांत २ ग्रॅमपर्यंत. त्याहून लहान किंवा कमी वजनाच्या बाळांत फक्त १ ग्रॅम, एका तासापुरतं, आणि तेही डॉक्टरांनी सांगितलं तरच. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला घरी लावू नका. दोन जागांना एकेक ग्रॅम लावणारे आई-बाबा या हद्दीपासून खूप दूर असतात. धोका होतो तो ‘जास्त लावलं की जास्त बधिर होईल’ म्हणून अख्खा हात माखून वर प्लास्टिक गुंडाळल्यावर.

यातलं प्रिलोकेन शरीरात फुटतं तेव्हा त्यातून निघणारा एक पदार्थ हिमोग्लोबिनला असा बदलवतो, की ते ऑक्सिजन धरून नेऊ शकत नाही. याला मेथेमोग्लोबिनेमिया म्हणतात. ओठ आणि नखं निळसर-राखाडी दिसतात, मूल मलूल होतं, धाप लागते. हे लगेच नाही, काही तासांनीही होऊ शकतं. असं दिसलं तर क्रीम पुसून थेट कॅज्युअल्टीत जा आणि काय, किती, किती वाजता लावलं ते सांगा. चक्कर, झोपाळूपणा, अंग थरथरणं किंवा झटका आला तरी तेच करा.

थॅलेसेमियाच्या आई-बाबांना मी हे मुद्दाम सांगते. रक्त चढवण्याआधी तुमच्या मुलाचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं. त्यातलं थोडंही निकामी झालं तरी त्याला ते इतर मुलांपेक्षा जास्त जाणवतं. म्हणून सांगितलेलं माप पाळा.

कोणाला लावायचं नाही किंवा आधी विचारायचं?

जी-सिक्स-पीडी एन्झाइमची कमतरता असलेल्या मुलांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मेथेमोग्लोबिनेमिया आधी झाला असेल तर नाही. लिडोकेन-प्रिलोकेनच्या जातीच्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल तर नाही.

काही औषधं चालू असताना निळं पडण्याचा धोका वाढतो: डॅप्सोन, प्रायमाक्विन, सल्फाची औषधं. कॅन्सरचा उपचार चालू असलेल्या अनेक मुलांना न्यूमोनिया टाळायला आठवड्यातले काही दिवस कोट्रायमॉक्साझोल देतात. तेही सल्फाचंच आहे, पण ‘नेहमीची गोळी’ म्हणून आई-बाबा त्याचं नाव सांगायचं विसरतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला यापैकी काही चालू असेल तर हे क्रीम नकोच.

डोळ्यांजवळ लावू नका. क्रीमचा हात मुलाने डोळ्याला लावला तर डोळा भरपूर पाण्याने धुवा आणि संवेदना परत येईपर्यंत त्याला डोळा चोळू देऊ नका. डोळा बधिर असला की खुपलेलं कळत नाही.

लस टोचण्याआधी लावलं तर?

लावता येतं. पण दंडात किंवा मांडीत खोल दिलेल्या लशीत सुई आत जाण्याची कळ कमी होते. औषध स्नायूत जाताना होणारी जळजळ तशीच राहते. मुलाला हे आधी सांगा. बीसीजीसारख्या कातडीच्या आतच द्यायच्या जिवंत लशीआधी लावू नका, कारण क्रीममधल्या औषधांचा त्या लशीतल्या जंतूंवर परिणाम होऊ शकतो.

बोटाला टोचून शुगर किंवा रक्त तपासायचं आहे. बोटाला लावू का?

उपयोग नाही. बोटाच्या टोकाची, तळहाताची आणि बाळाच्या टाचेची कातडी यात क्रीम काम करत नाही असाच अनुभव आहे. टाचेतून रक्त घेताना आईने अंगावर पाजत राहणं याने बाळ जास्त शांत राहतं. बोटाऐवजी हाताच्या शिरेतून रक्त घेणार असतील तर तिथे क्रीम वापरा.

डायलिसिसच्या फिस्तुलाला लावतात ते हेच क्रीम का?

हो, औषध तेच. फिस्तुला म्हणजे डायलिसिससाठी हातात ऑपरेशन करून जोडलेली शीर. तिथे सुया जाड असतात, म्हणून बऱ्याच जणांना ते लागतं. पण मशीनवर जाण्याच्या किती आधी, कुठल्या दोन जागांना हे तिथल्या टेक्निशियनला विचारून ठरवा. त्या हातावर काहीही घट्ट बांधायचं नाही, क्लिंग रॅपसुद्धा. फक्त चिकट ड्रेसिंग.

क्रीम पुसून झालं आणि मग कळलं की दोन तास थांबावं लागणार. पुन्हा लावू का?

पुसल्यावर तासभर तरी जागा बधिर असते, म्हणून आधी सिस्टरला विचारा की नेमका किती उशीर आहे. तासाच्या आत काम होणार असेल तर काहीच करू नका, फक्त मुलाला ते पुन्हा पुन्हा चिमटे काढून तपासू देऊ नका. उशीर जास्त असेल आणि ड्रेसिंग अजून काढलेलं नसेल तर ते तसंच राहू द्या, वरची वेळ बघा आणि ४ तासांच्या आत बसतंय का ते मोजा. पुसूनच झालं असेल तर स्वतःहून दुसरा थर देऊ नका. सकाळी किती ग्रॅम, किती वाजता ते डॉक्टरांना सांगा, आणि मुलाला काय झालं ते खरं सांगा. त्या सहा वर्षांच्या मुलीला आम्ही एकदा असंच सांगितलं होतं, ‘आज उशीर झाला, थोडं जाणवेल.’ तिने विचार केला, मोजा काढून माझ्या हातात दिला आणि हात पुढे केला.